सोळा प्रकरणं, दोन वह्या आणि एक निरोप: फ्लॅशकार्डांच्या अदलाबदलीचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

सोलापुरात एका अभ्यासिकेत मी संध्याकाळी राज्यघटना शिकवतो. तिथे शेजारच्या टेबलांवर बसणाऱ्या दोघींची ही हकिकत आहे. दोघींनी लिहायला परवानगी दिली, नावं घालू नका म्हणाल्या. म्हणून एकीला ताई म्हणतो आणि दुसरीला धाकटी. तसंही अभ्यासिकेत त्यांना याच नावांनी हाक मारतात.

ताई पस्तिशीच्या आतबाहेरची, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका कापड कारखान्याचे हिशेब बघते. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा नोकरी, मग घरचं, मग साडेआठनंतर अभ्यासिका. धाकटीचं बीए नुकतंच झालेलं, दिवसभर अभ्यास हेच काम. दोघी एमपीएससीच्या संयुक्त पूर्वपरीक्षेची तयारी करत होत्या. शंभर प्रश्न, एक तास, आणि चार चुका झाल्या की एक गुण गेला. अशा परीक्षेत अर्धवट आठवणं हे न आठवण्यापेक्षा महाग पडतं.

दोघींच्या फोनवर ॲन्की होतं. ज्यांनी वापरलेलं नाही त्यांच्यासाठी एवढंच: हे फ्लॅशकार्डाचं ॲप आहे, अँड्रॉइडवर फुकट. पुढच्या बाजूला प्रश्न, मागच्या बाजूला उत्तर. तुम्ही आठवलं की नाही ते सांगता आणि त्यावरून ते कार्ड पुन्हा कधी दाखवायचं ते ॲप ठरवतं. चांगलं आठवलं तर कार्ड लांब जातं, विसरलात तर लगेच परत येतं. कार्डांचा गठ्ठा फाइल करून दुसऱ्याला पाठवता येतो. या पाठवण्याच्या सोयीतूनच सगळं सुरू झालं.

पहिला निरोप

जानेवारीत गड्ड्याची यात्रा सुरू होती, अभ्यासिका निम्मी रिकामी. तेव्हा ताईने धाकटीला पाठवलेला निरोप असा:

> राज्यघटनेची 16 प्रकरणं आहेत. तू 1 ते 8 ची कार्डं कर, मी 9 ते 16. महिन्याभराने एकमेकींना देऊ. दोघींचा वेळ वाचेल. चालेल का गं?

धाकटीने अंगठा दाखवला. चर्चा एवढीच.

महिन्याने हाती काय आलं? धाकटीने आठ प्रकरणांची 610 कार्डं केली होती. जवळजवळ पुस्तकातली प्रत्येक ओळ उचलून तिला प्रश्नचिन्ह लावलेलं. ताईची आठांपैकी पाचच प्रकरणं झाली, त्यांची 94 कार्डं. फाइली एकमेकींच्या फोनवर गेल्या. एका आठवड्याने मी दोघींची 40 प्रश्नांची चाचणी घेतली: प्रत्येकीला 20 प्रश्न तिने स्वतः कार्डं केलेल्या प्रकरणांवर, 20 दुसरीकडून आलेल्या प्रकरणांवर.

ताईला स्वतःच्यात 15 आणि आलेल्यात 8. धाकटीला स्वतःच्यात 17 आणि आलेल्यात 12.

अडचण नेमकी कुठे होती

ताईचं पहिलं म्हणणं होतं की कार्डं फार झाली. ते खरंच होतं. ॲन्की मुळात दिवसाला 20 नवी कार्डं दाखवतं. त्या गतीने 610 कार्डं नुसती एकदा समोर यायला महिना लागतो, आणि चाचणीपर्यंत तिने फार तर 140 पाहिली होती. पण मग धाकटीचे आलेल्या प्रकरणांत 12 कसे आले? तिला तर फक्त 94 कार्डं मिळाली होती आणि तीन प्रकरणांचं कार्डच नव्हतं.

मी विचारलं तेव्हा कळलं. कार्डं येईपर्यंत वाट बघत बसायला नको म्हणून धाकटीने 9 ते 16 ही प्रकरणं एकदा वाचून काढली होती. ताईने 1 ते 8 ला हातच लावला नव्हता. "ती कार्डं करतीय म्हटल्यावर मी कशाला वाचू?" हे तिचे शब्द. निरोपातलं "दोघींचा वेळ वाचेल" हे वाक्य तिने शब्दशः घेतलं होतं.

न वाचलेल्या प्रकरणाचं कार्ड पाठ केलं तर काय होतं, ते ताईच्या चुकांत दिसत होतं. सरळ प्रश्न तिला येत होते. "राज्यपालांचा अध्यादेश काढण्याचा अधिकार कोणत्या अनुच्छेदात?" 213, बरोबर. पण "पुढीलपैकी कोणती विधाने बरोबर आहेत" असा प्रश्न आला की ती अडायची. राष्ट्रपती आणि राज्यपाल दोघांनाही क्षमादानाचा अधिकार आहे, अनुच्छेद 72 आणि 161, हे तिला पाठ होतं. मात्र लष्करी न्यायालयाने दिलेली शिक्षा राष्ट्रपतींच्या कक्षेत येते आणि राज्यपालांच्या येत नाही, हे तिला सांगता येईना. 610 कार्डांत राष्ट्रपतींचं कार्ड वेगळं होतं, राज्यपालांचं वेगळं. दोघांना शेजारी उभं करणारं एकही कार्ड नव्हतं.

धाकटीला ते कार्ड का सुचलं नाही, याचं उत्तर वाटणीतच होतं. राष्ट्रपती तिच्या वाट्याच्या आठव्या प्रकरणात होते, राज्यपाल ताईच्या वाट्याच्या अकराव्यात. राज्यपालांची जी कार्डं तिच्या गठ्ठ्यात होती, ती आठव्या प्रकरणातल्या जाता जाता आलेल्या उल्लेखांवरून केलेली. आठाच्या पुढे रेघ मारली तेव्हाच ही जोडी तुटली होती.

समोरचे पर्याय

फेब्रुवारीच्या शेवटी तिघं चहाला बसलो. ताई म्हणाली, हे सोडूनच देऊ, जिची तिने करावीत. हा पर्याय मला वाईट वाटत नव्हता. कार्ड करताना वाचावं लागतं, निवडावं लागतं, प्रश्न जुळवावा लागतो. निम्मा अभ्यास तिथेच होतो आणि तो कोणी पाठवून देऊ शकत नाही. पण ताईकडे रोजचे दोनच तास होते. सोळाही प्रकरणांची कार्डं एकटीने करायची तर उजळणीला वेळच उरला नसता.

दुसरा पर्याय तयार गठ्ठा उतरवून घेण्याचा. धाकटीने दोन पाहून ठेवले होते. एकात उत्तरं इंग्रजीत, दुसऱ्यात भाषांतर असं की "मनी बिल" चक्क "पैशाचं बिल" झालेलं. तो विषय तिथेच संपला.

तिसरा पर्याय धाकटीचा: सगळी कार्डं तिने करायची, ताईने तपासायची. वेळेच्या हिशेबाने हा सोपा होता. ताईने नको म्हटलं. कारण अभ्यासाचं नव्हतं. "मी तिच्या उपकारावर परीक्षा देऊ का?" असं ती म्हणाली. मला हे कारण पुरेसं वाटलं. अभ्यासातली भागीदारी एकीला ओझं आणि दुसरीला मिंधेपण वाटायला लागली की दोन आठवड्यांत मोडते.

उरला चौथा: वाटणी ठेवायची, पण नव्याने आखायची. नवा निरोप धाकटीने लिहायचा असं ठरलं. तिचा पहिला मसुदा मी पाहिला. सुरुवात होती, "ताई, तुमच्याकडून कार्डं कमी आली त्यामुळे..." मी म्हटलं, खरं आहे, पण हे वाचून पुढचं कोण वाचेल? तिने रात्री परत लिहिला.

दुसरा निरोप

तिच्या परवानगीने पूर्ण देतो. स्मायली तेवढ्या काढल्या आहेत.

> ताई, मागच्या वेळी मी 610 कार्डं करून तुमच्या डोक्यावर ओतली. चुकलंच माझं. पुस्तक उतरवून काढलं नुसतं. ती फाइल काढून टाका, मी पण टाकते.
>
> नवीन असं करूया का बघा. प्रकरणं क्रमाने नको, जोड्यांनी वाटू. ज्यांची गल्लत होते ती दोन प्रकरणं एकीकडेच. 16 प्रकरणांच्या 8 जोड्या होतात, चार तुम्हाला, चार मला.
>
> मी: राष्ट्रपती + राज्यपाल, संसद + विधिमंडळ, सर्वोच्च + उच्च न्यायालय, आयोगांची दोन प्रकरणं.
> तुम्ही: मूलभूत हक्क + मार्गदर्शक तत्त्वे, पंचायत राज + नागरी संस्था, घटनानिर्मिती + घटनादुरुस्ती, केंद्र-राज्य संबंध + आणीबाणी.
> बदलायचं असेल तर सांगा, मला कुठलीही चालेल.
>
> आठवड्याला प्रत्येकीची एक जोडी. एका जोडीची जास्तीत जास्त 40 कार्डं, त्यातली निदान 8 "दोघांत फरक काय" अशी. 40 च्या वर सुचलं तर आधीचं एखादं काढायचं. म्हणजे आठवड्याला आपल्या दोघींची मिळून 80 नवीन. ॲपमध्ये रोजची नवीन कार्डं 12 करून ठेवली की सात दिवसांत 84, बरोबर बसतंय.
>
> दुसरीची जोडी पण आपण त्याच आठवड्यात पुस्तकातून एकदा वाचायची. वाचली नसेल तर फाइल उघडायची नाही. हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, कार्डांपेक्षा पण.
>
> शनिवारी रात्री 9 ला फाइल द्यायची. रविवारी सकाळी अभ्यासिकेत पाऊण तास बसू: तुम्ही माझ्यातली कुठलीही 10 विचारा, मी तुमच्यातली विचारते. जे कार्ड समजत नाही ते तिथेच सांगायचं.
>
> कार्ड कसं असावं याचा नमुना खाली टाकलाय.
>
> एखाद्या आठवड्यात नाही जमलं तर जेवढं झालं तेवढं शनिवारी द्यायचं, 15 झाली तर 15. उरलेली दुसरीने करायची नाही आणि त्यावरून कुणी काही बोलायचं नाही. मार्च-एंडला तुमचं काय होतं मला माहितीय.
>
> चालेल का? नाही तर फोन करा, बोलू.

नमुना असा होता:

```
आधीचं:
प्र. पंचायतीत महिला आरक्षण किती?
उ. 1/3

नवीन:
प्र. अनुच्छेद 243घ नुसार पंचायतीत महिलांसाठी
   किमान किती जागा राखीव?
उ. किमान 1/3

वेगळं कार्ड:
प्र. महाराष्ट्राच्या कायद्यात हेच प्रमाण किती?
उ. निम्म्या जागा
```

ताईचं उत्तर सकाळी आलं: "चालेल. 40 ऐवजी 30 करू का?" धाकटीने 40 हा आकडा का, ते सांगितलं. जोडीत दोन प्रकरणं, म्हणजे प्रत्येकी 16 आणि फरकाची 8. ताईने मानलं.

निरोपातले दोन निर्णय

वाटणी जोड्यांनी करणं ही यातली सगळ्यात मोलाची गोष्ट, असं मला अजूनही वाटतं. धनविधेयक संसदेत अनुच्छेद 110, राज्यात 199. वार्षिक वित्तीय विवरणपत्र 112 आणि 202. महान्यायवादी 76, महाधिवक्ता 165. मूलभूत हक्कांच्या रक्षणासाठी सर्वोच्च न्यायालयाकडे अनुच्छेद 32, उच्च न्यायालयाकडे 226, आणि 226 ची कक्षा मोठी, कारण ते हक्कांपुरतंच नाही. हे सगळं एकाच हाताने, एकाच बैठकीत लिहिलं तरच "फरक काय" हे कार्ड सुचतं. एक-दोन जोड्या ओढूनताणून होत्या हेही खरं. केंद्र-राज्य संबंध आणि आणीबाणी यांची गल्लत कोणी करत नाही. पण आणीबाणीत केंद्र-राज्य संबंधांचं काय होतं, हा प्रश्न त्या जोडीतून आपोआप आला.

दुसरा निर्णय कमाल मर्यादेचा. किमान आकडा सांगितला की माणूस तो भरायला जातो, कमाल सांगितला की निवडायला लागतो. धाकटीला याचा त्रास झाला. संसदेच्या जोडीत तिची 71 कार्डं झाली होती. 31 काढताना, तिच्या शब्दांत, "पोटची पोरं टाकल्यासारखं वाटलं". पण काढलेली कार्डं बहुतेक अशी होती की ती चुकली तरी कुठला प्रश्न चुकला नसता.

अंमल: कुठे अडलं

पहिल्याच शनिवारी धाकटीची फाइल आली, ताईने उघडली. 40 कार्डं आली असं ॲपने सांगितलं, पण गठ्ठ्यासमोर "नवीन"च्या रकान्यात शून्य. आज काहीच नाही, तीन-चार दिवसांनी थोडी. ताईला वाटलं फोन बिघडला. झालं असं होतं की धाकटीने आठवडाभर स्वतः ती कार्डं घोकली होती आणि फाइल काढताना तिचं वेळापत्रकही सोबत गेलं. ताईच्या फोनला वाटलं, ही कार्डं हिला येतात, उगाच कशाला दाखवा. फाइल बाहेर काढताना `Include scheduling information` समोरची खूण काढायची, एवढाच उपाय. ताईने तो गठ्ठा पुसला आणि नवी फाइल घेतली. हे लक्षात यायची खूण सोपी आहे: आलेल्या गठ्ठ्यासमोर "नवीन"चा आकडा शून्य नको, रोजच्या मर्यादेइतका, म्हणजे 12, हवा.

खरा गोंधळ दुसऱ्या आठवड्यात झाला, पंचायत राजच्या जोडीत.

ताईच्या एका कार्डावर होतं: "अनुच्छेद 243क मध्ये काय? पंचायतींची रचना." धाकटीने प्रकरण वाचलं होतं आणि तिच्या पुस्तकात 243क म्हणजे ग्रामसभा. तिला वाटलं ताईची चूक झाली. मोठ्या बाईला कशाला सांगा, म्हणून तिने स्वतःच्या फोनवर कार्ड गुपचूप दुरुस्त केलं. तिकडे ताईने त्याच गठ्ठ्यात काही ठिकाणी शुद्धलेखन सुधारलं, त्यात हेही कार्ड होतं, आणि सुधारित फाइल `jodi8_v2.apkg` पाठवली. ॲन्की आलेलं कार्ड आधीचंच आहे हे आतल्या खुणेवरून ओळखतं आणि जे नंतर बदललेलं असेल ते ठेवतं. ताईचा बदल नंतरचा होता. धाकटीच्या फोनवर पुन्हा "रचना" आली. तिने पुन्हा बदललं आणि वैतागून रविवारी माझ्याकडे आली.

दोघींची पुस्तकं घेऊन बसलो तेव्हा उलगडा झाला. चूक कोणाचीच नव्हती. घटनेच्या शासकीय मराठी पाठात पोट-अनुच्छेदांना क, ख, ग, घ अशी अक्षरं आहेत. म्हणून इंग्रजीतला 243 ए म्हणजे 243क, ग्रामसभा. ताई ज्या क्लासच्या नोट्स वापरत होती, तिथे आपल्या शाळेतल्या प्रश्नपत्रिकेसारखं अ, ब, क, ड होतं. त्या हिशेबाने 243क म्हणजे इंग्रजीतला 243 सी, पंचायतींची रचना. अक्षर एकच, अनुच्छेद दोन. 'ड'चं तर त्याहून वाईट: नोट्समधला 243ड म्हणजे आरक्षण, आणि शासकीय पाठातला 243ड म्हणजे हा भाग काही क्षेत्रांना लागू नसण्याची तरतूद.

गंमत म्हणजे ठिणगी दुसऱ्या निरोपातच होती. नमुन्यात धाकटीने 243घ लिहिलं होतं. ताईच्या क्रमात घ हे अक्षरच नाही. तिला वाटलं टायपिंगची चूक आहे, तिनेही मोठेपणाने सोडून दिलं. एकमेकींची चूक पोटात घालण्याच्या सवयीने दोघींचा आठवडा गेला.

त्या रविवारी तीन गोष्टी ठरल्या. अक्षरं शासकीय मराठी पाठाची वापरायची. क म्हणजे ए, ख म्हणजे बी, ग म्हणजे सी असं जुळणीचं एक कार्ड दोघींच्या गठ्ठ्यात टाकायचं. आणि आलेल्या कार्डात स्वतःच्या फोनवर बदल करायचा नाही. शंका असेल तर खूण करून रविवारी कर्तीला सांगायचं, बदल तिनेच करून नवी फाइल द्यायची. नको असलेलं कार्डही पुसायचं नाही, कारण पुढच्या फाइलीबरोबर ते परत येतं. त्याला थांबवून ठेवायचं, मग ते थांबलेलंच राहतं.

त्याच जोडीत आणखी एक कार्ड अडलं: "सरपंचाची निवड कशी होते?" महाराष्ट्रात 2017 मध्ये थेट जनतेतून निवड आली, 2020 मध्ये ती गेली, 2022 मध्ये परत आली. ताईच्या नोट्स मधल्या काळातल्या होत्या. कार्डावर उत्तर बदललं आणि खाली वर्ष घातलं.

तिसरा आठवडा सुरळीत गेला. चौथा शनिवार मार्चअखेरीचा. ताईची 22 कार्डं आली, 40 ऐवजी. धाकटीने उरलेली 18 करायला घेतली होती, मग निरोपातलं स्वतःचंच कलम आठवून थांबली. ताईने ती एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात दिली.

निष्पत्ती

एप्रिलच्या शेवटी मी पुन्हा 40 प्रश्नांची चाचणी घेतली, तशीच विभागून. ताई: स्वतःच्यात 16, आलेल्यात 13. धाकटी: स्वतःच्यात 17, आलेल्यात 15. प्रश्न वेगळे होते आणि मध्ये दोन महिन्यांचा अभ्यासही झाला होता, त्यामुळे सगळं श्रेय वाटणीला देता येणार नाही. पण ताईचं अंतर सातावरून तीनवर आलं, आणि तिच्या चुका बदलल्या. आता विधानांच्या प्रश्नात ती अडत नव्हती. चुकत होते ते आकडे. अकराव्या अनुसूचीत 29 विषय आणि बाराव्यात 18, हे मात्र दोघींना झोपेत विचारलं तरी येत होतं. ताईच्या "फरक काय" कार्डांतलं ते पहिलंच होतं.

स्वतःच्या आणि आलेल्या कार्डांमधलं अंतर शून्य कुणाचंच झालं नाही. ते होईल असं मला वाटतही नाही.

एकूण कार्डं 320, आणि जुळणीचं एक. आधीच्या 704 च्या निम्म्याहून कमी, तेही सोळाही प्रकरणांची.

आता केलं असतं तर

पहिल्या निरोपाच्या वेळीच दहा-दहा कार्डांची एक चाचणी अदलाबदल करायला हवी होती. 610 आणि 94 हा फरक महिन्याने कळण्याऐवजी तिसऱ्या दिवशी कळला असता, अक्षरांचा घोळही बहुधा तिथेच सापडला असता. दोघी कोणतं पुस्तक वापरतात हे मी जानेवारीत विचारलं नाही, ही माझी चूक. शिक्षक म्हणून तो पहिला प्रश्न असायला हवा होता.

रविवारच्या पाऊण तासाबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. दोघी एकमेकींना कार्डावरचेच प्रश्न विचारत होत्या. मी असतो तर उत्तर वाचून प्रश्न ओळखायला लावलं असतं: "161. बोल, काय?" परीक्षेत दोन्ही बाजूंनी विचारतात. धाकटीने सांगितलं की ॲपमध्येच उलटं कार्ड करता येतं, पण मग 40 ची 80 होतात आणि सगळा हिशेब कोलमडतो. तिचं बरोबर आहे. म्हणून तोंडी.

आणि ही पद्धत तिघींत चालेल का, असं अभ्यासिकेतल्या आणखी एकीने विचारलं. तिसरा वाटेकरी आला की आलेली कार्डं स्वतःच्या दुप्पट होतात, वाचायचं तेवढंच राहतं, आणि रविवारचा पाऊण तास दीड तासाचा होतो. मी नको म्हटलं. त्या तिघींनी तरी करून पाहिलं, दुसऱ्या शनिवारनंतर फाइल आली नाही.

मे महिन्यात, पारा त्रेचाळीसला असताना, भूगोलाचा निरोप धाकटीने पाठवला. मला दाखवला नाही, ताईने दाखवला. वर जोड्यांची यादी होती, पुस्तकाचं नाव आणि आवृत्ती पहिल्याच ओळीत. खाली एक प्रश्न: "ताई, महाराष्ट्राच्या एका नकाशावर सहा नद्यांची नावं झाकली, तर ॲप त्याची सहा कार्डं धरतं. आपण 40 मध्ये ते एक मोजायचं की सहा?"

ताईने उत्तर दिलं होतं, "तीन."